शनिवारचे पत्र

आमच्या घरात शिकवणाऱ्या दोघी, नणंद-भावजय. एक शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, दुसरी बारामतीत घरीच गणिताची शिकवणी घेते. बी.एड. दोघींचे झाले आहे, पण शिकवणी एकीचीच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे 28 वे कलम शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. शनिवारी रात्री मात्र इशाची नमाज आणि भांडीकुंडी आटोपली की आम्ही दोघी आठवड्याच्या सरावपत्रिका घेऊन बसतो आणि प्रत्येक मुलाच्या घरी एक पत्र लिहितो. गणित तिचे, भाषा हिची. पत्र हाताने लिहायचे, फोटो काढायचा आणि मोबाइलवर पाठवायचा.

असल्या पत्रांचा एक ठरलेला नमुना असतो. ‘आपल्या पाल्याची प्रगती समाधानकारक आहे, सराव वाढवावा, लेखनात काळजी घ्यावी.’ आईबापांनी हे वाचून करायचे काय? सराव वाढवावा म्हणजे कशाचा, किती, कोणत्या वेळी? आणि समाधान कोणाचे? असे पत्र वाचून बाप पोराला रागावतो, आई दुवा करते आणि सोमवारी पोरगे जिथे अडले होते तिथेच पुन्हा अडते.

गेल्या वर्षीच्या दहावीतल्या एका मुलीचे सांगतो. आईवडील इंदापूरला. वडील डाळिंबाचा व्यापार करतात. हंगामात बाजार समितीतून माल उचलायचा, क्रेट भरायचे, टेम्पो लावायचा. मुलगी बारामतीत नानीकडे राहून शिकत होती. सातवीपर्यंत उर्दू माध्यम, आठवीपासून मराठी. तिची अम्मी आठवड्यातून एकदा एसटीने यायची, बाकी सगळे फोनवर. त्यामुळे आमचे पत्र हीच त्यांना लेकीच्या अभ्यासाची खिडकी होती.

जानेवारी 2025 मध्ये बीजगणिताच्या पहिल्या प्रकरणाची, म्हणजे दोन चलांतील रेषीय समीकरणांची उजळणी चालू होती. दर आठवड्याला 20 गुणांची एक सरावपत्रिका. तिला तीन आठवड्यांत 11, 12 आणि 11 गुण पडले. हे आकडे तसेच कळवले असते तर घरी काय वाचले गेले असते? निम्म्याहून जास्त आहेत, पास होईल, थोडी मेहनत हवी. पण हे गुण सुटे करून पाहिले की चित्रच बदलत होते. पत्रिकेत 12 गुणांची समीकरणे तयार दिलेली असायची, ती फक्त सोडवायची. त्यांत तिला 10, 11, 11. उरलेल्या 8 गुणांची चार शाब्दिक उदाहरणे असायची, ज्यांत समीकरण आपणच मांडायचे. त्यांत तिला 1, 1 आणि 0. मुलगी गणितात मध्यम नव्हतीच. गणिताच्या एका भागात ती उत्तम होती आणि दुसऱ्या भागात जवळजवळ काहीच येत नव्हते. सरासरीने दोन्ही गोष्टी झाकून टाकल्या होत्या.

शाब्दिक उदाहरण चुकते ते साधारण तीन ठिकाणी. वाचून समीकरणच मांडता येत नाही. समीकरण बरोबर मांडले जाते पण आकडेमोड चुकते. किंवा x ची किंमत बरोबर निघते आणि मूल तिथेच थांबते, विचारले काय होते ते विसरते. तिन्हींचे गुण सारखेच कापले जातात, पण उपाय वेगळे. दुसऱ्याला आकडेमोडीचा सराव लागतो, तिसऱ्याला शेवटी प्रश्न पुन्हा वाचायची सवय. म्हणून आम्ही पत्रिका तपासताना चुकलेल्या उदाहरणाशेजारी नुसती फुली मारत नाही, तर जिथे गाडी रुळावरून घसरली त्या ओळीखाली रेघ ओढतो. या मुलीच्या बाराही उदाहरणांत रेघ पहिल्या ओळीखालीच आली.

मग एक उदाहरण घेऊन तिला समोर बसवले. उदाहरण असे होते: एका व्यापाऱ्याकडे डाळिंबाचे मोठे व लहान मिळून 48 क्रेट आहेत. मोठ्या क्रेटची संख्या लहान क्रेटच्या दुपटीपेक्षा 6 ने कमी आहे, तर प्रत्येक प्रकारचे क्रेट किती? तिने मोठ्यांना x आणि लहानांना y मानले. पहिले समीकरण x + y = 48, अगदी बरोबर. दुसरे मात्र x = 6 − 2y. ते पहिल्यात घालून तिने न चुकता सोडवले: 6 − 2y + y = 48, म्हणून −y = 42, म्हणजे y = −42 आणि x = 90. खाली तिने ताळाही केला होता. 90 आणि −42 यांची बेरीज 48 येते. दुसऱ्या समीकरणात घातले तरी 6 + 84 = 90. दोन्ही समीकरणे जुळली, म्हणून तिने उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. वजा बेचाळीस क्रेट! डाळिंबाच्या व्यापाऱ्याची लेक, लहानपणापासून क्रेट मोजत आलेली. पण वहीतले क्रेट आणि अंगणातले क्रेट तिच्या लेखी वेगळे होते.

इथे आम्हाला ताळ्याबद्दल एक गोष्ट पक्की कळली. समीकरणच चुकीचे मांडले असेल तर उत्तर त्या समीकरणात घालून केलेला ताळा जुळणारच. तो फक्त आकडेमोड तपासतो. मांडणी तपासायची तर उत्तर समीकरणात नव्हे, उदाहरणाच्या वाक्यात घालून वाचावे लागते. ‘मोठे 90, लहान वजा 42’ असे एकदा तोंडाने म्हटले असते तर ती स्वतःच हसली असती.

आता प्रश्न असा की 6 − 2y आलेच कसे? ‘निष्काळजीपणा’ असे पत्रात लिहून मोकळे होणे सोपे होते. आम्ही तिला म्हटले, बेटी, हेच वाक्य आपल्या घरच्या बोलीत सांग. तिने सांगितले, ‘बडे क्रेट, छोटों का दुगना, और 6 से कम.’ उर्दूत आम्ही विचारले, ‘दुगने से 6 कम’ म्हणजे किती? ती लगेच म्हणाली, 2y वजा 6. मग ‘6 ने कमी’ म्हणजे? ‘6 से कम. 6 में से घटाओ.’

गाठ सापडली ती ‘ने’ या एका अक्षरात. उर्दूत तुलनेचा ‘से’ दुगन्याला चिकटतो आणि 6 मोकळा राहतो: दुगने से 6 कम. मराठीत दोन्हींना प्रत्यय लागतात, दुपटीला ‘पेक्षा’ आणि 6 ला ‘ने’. आठवीत मराठी शाळेत आल्यावर ती शिकली होती की ‘पेनने लिही’ म्हणजे ‘पेन से लिखो’, ‘बसने ये’ म्हणजे ‘बस से आओ’. मराठीचा ‘ने’ म्हणजे आपला ‘से’, असा नियम तिने मनाशी बांधला होता, आणि एरवी तो चालतोही. तोच नियम लावून ‘6 ने कमी’चे ‘6 से कम’ झाले, आणि वजाबाकी उलटी पडली. बिचारी आळशी नव्हती, दोन भाषांच्या बांधावर प्रामाणिकपणे चुकत होती. हे ज्याला दोन्ही भाषा येतात त्यालाच ऐकू येते. नुसते गणित शिकवणाऱ्याला ती चूक चिन्हाची वाटते आणि तो चिन्हांचा सराव देतो, जो तिला आधीच येतो.

त्या शनिवारचे, म्हणजे 18 जानेवारीचे पत्र घरच्यांच्या परवानगीने इथे देतो. नावगाव वगळले आहे.

‘भाईजान आणि भाभी, अस्सलामु अलैकुम. या आठवड्याच्या पत्रिकेत 20 पैकी 11 गुण आहेत, पण हा आकडा बाजूला ठेवा. समीकरण दिलेले असले तर लेक ते माशाअल्लाह बरोबर सोडवते. 12 पैकी 11. मराठी वाक्यावरून समीकरण मांडायचे असले की अडते. 8 पैकी 0. कारण आम्ही तिच्याशी बोलून पाहिले. उर्दूत सांगितले की तिला तेच उदाहरण येते. मराठीतले “पेक्षा”, “ने”, “अनुक्रमे”, “प्रत्येकी” हे शब्द तिला घोटाळ्यात टाकतात. हा भाषेचा अडथळा आहे, अकलेचा नाही. तिला रागावू नये. पुढचे तीन आठवडे तिने नवी उदाहरणे सोडवायची नाहीत. रोज चार शाब्दिक उदाहरणे घ्यायची, फक्त समीकरण मांडायचे आणि थांबायचे. अर्धा तास पुरे. भाभी, तुमच्याकडे एक काम आहे. रोज मगरिबनंतर फोनवर तिच्याकडून एक उदाहरण ऐका. आधी ते मराठीत वाचायला सांगा, मग आपल्या बोलीत समजावून सांगायला सांगा. गणित तुम्हाला येण्याची गरज नाही. तुम्हाला गोष्ट समजली नाही, तर तिलाही समजलेली नाही. रविवारी सकाळी 11 वाजता ती आमच्याकडे पूर्ण पेपर सोडवेल. पुढच्या शनिवारी कळवू की आठपैकी किती वाक्यांची समीकरणे बरोबर मांडली.’

पत्र एवढेच. यापेक्षा लांब पत्र टेम्पोच्या सीटवर बसून कोणी वाचत नाही.

दुसऱ्याच दिवशी भाईजानचा फोन आला. परीक्षा महिन्यावर आली, दहावीचे वर्ष, आणि तुम्ही म्हणता अर्धा तास? शेजारच्यांचा मुलगा रोज चार तास गणित करतो. त्यांची काळजी खरी होती. आम्ही त्यांना व्यापाऱ्याच्या भाषेत सांगितले: काटा चुकीचा लागला असेल तर जास्त माल तोलून काय होणार? चुकीच्या समजुतीवर रोज तीस उदाहरणे सोडवली तर ती समजूत तीस वेळा घट्ट होते. भाईजान गप्प झाले, पटले किती ते अल्लाह जाणे. पण त्यांनी चार तासांचा आग्रह सोडला.

पहिल्या आठवड्यानंतर आठपैकी तीन समीकरणे बरोबर आली. दुसऱ्या आठवड्यानंतर पाच. आम्ही खूश, भाभी खूश. तिसऱ्या आठवड्यात आकडा चारवर घसरला. कळवताना आम्ही तो लपवला नाही, कारण घसरण्याचे कारण चढण्यापेक्षा जास्त उपयोगी होते. मुलीने पाठांतराची पळवाट शोधली होती. ‘कमी’ दिसले की वजा, ‘जास्त’ दिसले की अधिक, ‘पट’ दिसले की गुणाकार. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर तसा तक्ताच केलेला होता, रंगीत पेनाने. बाजारात मिळणाऱ्या काही मार्गदर्शकांतही असे तक्ते असतात. ही युक्ती सोप्या उदाहरणांत चालते, म्हणूनच ती फसवी. तिसऱ्या पत्रिकेत आम्ही मुद्दाम एक वाक्य घातले होते: लहान क्रेट 18 आहेत, ते मोठ्या क्रेटपेक्षा 12 ने कमी आहेत, तर मोठे किती? ‘कमी’ पाहून तिने 18 मधून 12 वजा केले आणि 6 लिहिले. खरे तर लहान कमी आहेत म्हणजे मोठे जास्त. 18 आणि 12 मिळून 30. शब्द ‘कमी’, क्रिया बेरीज.

तो तक्ता आम्ही फाडायला लावला नाही, मुलीने मेहनतीने केला होता. त्याऐवजी एक सवय लावली. समीकरण लिहिण्याआधी एका ओळीत उत्तर द्यायचे: दोघांत मोठे कोण? मोठे क्रेट जास्त की लहान? हे ठरले की लहानात भर घालायची किंवा मोठ्यातून काढायचे, तरच दोन्ही बाजू सारख्या होतील, हे दिसू लागते. त्या दिवसापासून फोनवर भाभींचा प्रश्नही बदलला. ‘बड़ा कौन?’ एवढेच त्या विचारायच्या. पुढच्या पत्रिकेत आठपैकी सात आली.

आता वेळापत्रकाचे. 2025 ची दहावीची लेखी परीक्षा 21 फेब्रुवारीला सुरू होऊन 17 मार्चला संपणार होती आणि रमजानचा पहिला रोजा 2 मार्चला आला. गणिताचे दोन्ही पेपर पहिल्याच आठवड्याच्या रोज्यांत. वेळापत्रक म्हणून जे छापील कागद मिळतात त्यांत ‘पहाटे 5 ते 7 अभ्यास, रात्री 8 ते 10 अभ्यास’ असे असते. आपल्या घरात त्या महिन्यात पहाटे पाचला सहरी चालू असते आणि रात्री आठ-नऊला इशा व तरावीह. तो कागद भिंतीवर लावला की पहिल्याच दिवशी मोडतो, आणि मोडलेले वेळापत्रक मुलांना आपलाच दोष वाटते.

म्हणून आम्ही दोन वेगळी वेळापत्रके दिली. रमजानच्या आधीचे सांगून झालेच आहे: रोज अर्धा तास समीकरणे मांडणे, शिवाय वीस मिनिटे भूमितीचे एक प्रमेय किंवा एक रचना, आणि रविवारी 11 वाजता पूर्ण पेपर. अकराची वेळ मुद्दाम, कारण बोर्डाचा पेपर अकरालाच हातात पडतो. एकदा चुकलेले उदाहरण वहीत तारीख घालून ठेवायचे, तीन दिवसांनी न बघता पुन्हा करायचे, आणि बरोबर आले तर आठवड्याने आणखी एकदा. लगेच दुसऱ्या दिवशी करायला लावले की मुले उदाहरण नाही, उत्तर आठवतात.

पूर्ण पेपरमध्ये गुण कसे विभागलेले असतात तेही घरी कळवले, कारण दोन तासांचे नियोजन त्यावरच होते. बीजगणित 40 आणि भूमिती 40, शाळेचे अंतर्गत 20. चाळीसच्या पेपरात पहिल्या प्रश्नाचे 8 गुण एकेका गुणाच्या छोट्या प्रश्नांना, दुसऱ्या प्रश्नाचे 12 गुण दोन-दोन गुणांच्या प्रश्नांना. म्हणजे अर्धा पेपर इथेच संपतो. पुढे तिसऱ्याला 9, चौथ्याला 8, पाचव्याला 3. आमच्या मुलीची सवय अशी की चौथ्या प्रश्नातल्या 4 गुणांच्या शाब्दिक उदाहरणापाशी ती अर्धा तास घालवायची आणि दुसऱ्या प्रश्नातले हातचे सुटून जायचे. 26 जानेवारीच्या सराव पेपरात तिला बीजगणितात 17 गुण होते, आणि त्यात दुसऱ्या प्रश्नातली दोन उदाहरणे कोरी होती, जी तिला झोपेतही आली असती. म्हणून नियम ठरला: पहिले दोन प्रश्न आधी संपवायचे, पाऊण तासाच्या आत. तिसऱ्यात आणि चौथ्यात पर्याय असतो, तेव्हा आधी सगळे वाचून जे सोपे वाटेल ते निवडायचे. शाब्दिक उदाहरण दहा मिनिटांत सुटले नाही तर समीकरणे मांडून, अर्धवट का होईना, सोडून पुढे जायचे. मांडणी बरोबर असेल तर पायरीचे गुण मिळतात.

रमजानचे वेळापत्रक बरेच हलके ठेवले. मार्चच्या सुरुवातीला आपल्याकडे सहरी पहाटे साडेपाचच्या सुमारास संपते. फजरनंतर पाऊण तास, फक्त जुन्या चुकांची वही. मग पेपर नसेल त्या दिवशी तासभर झोप. दुपारी जोहरनंतर डोके जड होते, तेव्हा नवे काही नाही, सूत्रे आणि प्रमेयांची विधाने तोंडी. इफ्तारनंतर मगरिब, थोडी विश्रांती, आणि अम्मीचा फोन. रात्री पुस्तक नाही. तरावीह घरी पढून मुलीने दहा वाजता झोपायचे, कारण चारला पुन्हा उठायचे आहे. भाभींनी यात एक दुरुस्ती सुचवली, आणि ती आमच्यापेक्षा शहाणपणाची होती: पेपरच्या आदल्या रात्री सहरीचे सगळे नानी करेल, मुलीला फक्त खायला उठवायचे. रमजानमध्ये घरातल्या मोठ्या मुलीकडे स्वयंपाकघराचे किती काम आपोआप सरकते, हे वेळापत्रक लिहिणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

पेपरच्या दिवशी रोजा ठेवायचा की नाही, हे भाभींनी आम्हाला विचारले होते. तो प्रश्न घरातल्या थोरांचा, मुलीच्या तब्येतीचा आणि इमामसाहेबांचा आहे. शिकवणीच्या पत्रात त्याचे उत्तर आम्ही लिहीत नाही. पण रोज्यात दोन तास पेपर लिहिताना नेमके काय होते हे आधी पाहून ठेवता येते. शब-ए-बरातनंतरचा नफील रोजा मुलगी दरवर्षी ठेवतेच. त्या वर्षी तो 14 फेब्रुवारीला, शुक्रवारी होता. तिच्याच इच्छेने त्या दिवशी 11 वाजता बीजगणिताचा पूर्ण पेपर घेतला. 24 गुण पडले. आम्ही दर अर्ध्या तासाने तिच्या वहीत समासात एक टिंब काढत होतो, म्हणजे कोणत्या वेळी काय लिहिले ते नंतर दिसते. पहिल्या दीड तासात आकडेमोडीची एकच चूक. शेवटच्या अर्ध्या तासात चार, आणि चारही वजाबाकीच्या चिन्हाच्या. त्यावरून पत्रात लिहिले की रोजा असेल तर शाब्दिक आणि लांब उदाहरणे मध्यात सोडवावीत, शेवटचा अर्धा तास रेघा, आलेख, आणि लिहून झालेल्याचा वाक्यात घालून ताळा यांसाठी ठेवावा. हा एका मुलीचा एका दिवसाचा अनुभव आहे. दुसऱ्या मुलाचे टिंब वेगळ्या जागी पडेल, ते ज्याने त्याने घरी पाहावे.

सगळे सुधारले असे नाही. अर्थनियोजनाच्या प्रकरणात ‘दर्शनी किंमत’, ‘बाजारभाव’, ‘अधिमूल्य’ असे शब्द एकामागून एक येतात. त्यांना उर्दू-मराठी दोन्हींत अर्थ लिहून दिले तरी शेअर म्हणजे काय हेच तिने कधी पाहिलेले नव्हते. जीएसटीची उदाहरणे मात्र तिला भाईजानच्या बिलांवरून दोन दिवसांत आली. भूमितीत समरूपतेची प्रमेये ती पाठ करायची, आणि आकृतीतली अक्षरे बदलली की हरवायची. त्यासाठी सहा महिने लागतात, सहा आठवडे नव्हे, आणि 15 फेब्रुवारीच्या पत्रात आम्ही तसे स्पष्ट लिहिले: ‘भूमितीच्या सिद्धतांना आता नवा वेळ देऊ नये. रचना, पायथागोरस आणि महत्त्वमापन पक्के करावे.’ परीक्षेच्या तोंडावर काय सोडून द्यायचे हे सांगणे पत्र लिहिणाऱ्याला सर्वांत जड जाते, कारण उद्या नेमके तेच आले तर बोल आपल्याला लागतो.

निकाल 13 मे रोजी लागला. गणितात 100 पैकी 63. भाईजानना सत्तरची आशा होती आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. भाभींनी दुसरेच विचारले. त्यांचा धाकटा मुलगा सातवीत उर्दू माध्यमात आहे, पुढच्या वर्षी तोही मराठी शाळेत जाणार. त्याच्यासाठी आठवीच्या पुस्तकातले असे शब्द, जे उर्दूतल्या सवयीने उलटे पडतात, त्यांची यादी मिळेल का? सध्या शनिवारी रात्री पत्रे संपली की आम्ही तीच यादी करतो आहोत. ‘ने’, ‘पेक्षा’, ‘प्रत्येकी’, ‘अनुक्रमे’, ‘लगतच्या’, ‘क्रमागत’. आतापर्यंत एकोणीस शब्द झाले आहेत, प्रत्येकासमोर एक डाळिंबाचे उदाहरण.